पासवर्ड बरोबर, तरी लॉगिन बंद

ऑफिसच्या एकाच पासवर्डवर ईमेल, रजेचा अर्ज, पगारपत्रक, हिशेबाचं सॉफ्टवेअर असं सगळं उघडतं, याची आता लोकांना सवय झाली आहे. एखाद्या सकाळी मात्र पासवर्ड बरोबर टाकूनही रजेचं पोर्टल आत घेत नाही. पासवर्ड बदलून, ब्राउझर बदलून, मशीन रीस्टार्ट करूनही फरक पडत नाही. पडणारही नाही, कारण अशा वेळी चूक बहुतेकदा लॉगिन करणाऱ्याकडे नसतेच. ती दोन सर्व्हरमध्ये असते, आणि ती शोधताना सर्वांत आधी दोनच गोष्टी तपासाव्यात: घड्याळ आणि सर्टिफिकेट.

या व्यवस्थेमागे बऱ्याच ठिकाणी सॅमल नावाचं मानक असतं. त्याची आज वापरात असलेली 2.0 ही आवृत्ती 2005 सालची आहे. तुमचा पासवर्ड रजेच्या पोर्टलकडे कधी जातच नाही. पोर्टल तुम्हाला कंपनीच्या आयडेंटिटी प्रोव्हायडरकडे, म्हणजे ओळख पटवणाऱ्या सर्व्हरकडे पाठवतं. तो पासवर्ड तपासतो आणि तुमच्या ब्राउझरच्या हाती एक ओळखपत्र देतो, त्याला असर्शन म्हणतात. हे पत्र अमुक व्यक्तीचं आहे, ते या वेळेपासून त्या वेळेपर्यंतच चालेल आणि खाली माझी डिजिटल सही आहे, एवढं त्यात असतं. ब्राउझर ते पोर्टलला नेऊन देतो. पोर्टल सही पडताळतं, वेळ पाहतं आणि मगच दार उघडतं. नकार द्यायचा तर पडद्यावर ‘काहीतरी चुकलं’ एवढंच लिहून येतं. खरं कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये राहतं.

आधी घड्याळाचं पाहू. समजा, सोमवारी सकाळी आलेल्या असर्शनमध्ये ही ओळ आहे:

```
<Conditions NotBefore="2024-07-08T04:31:07Z"
            NotOnOrAfter="2024-07-08T05:31:07Z">
```

शेवटचा `Z` महत्त्वाचा. ही वेळ भारतीय नाही, यूटीसी आहे. साडेपाच तास मिळवले की सकाळचे 10 वाजून 1 मिनिट 7 सेकंद होतात. हे लक्षात न घेता घड्याळ साडेपाच तास चुकलंय असं समजून कुणी सर्व्हरची वेळच फिरवून ठेवतं, आणि बिघाड दुप्पट होतो. म्हणून दोन्हीकडे `date -u` ही कमांड देऊन यूटीसी वेळच ताडून पाहावी.

इथे पोर्टलचा सर्व्हर 3 मिनिटं 4 सेकंद मागे आहे असं धरू. पत्र 04:31:07 ला लिहिलं गेलं आणि सेकंदाभरात पोर्टलकडे पोहोचलं. पोर्टलच्या घड्याळात तेव्हा 04:28:04 झालेत. त्याच्या लेखी हे पत्र अजून सुरूच व्हायचंय. अशा फरकासाठी सॉफ्टवेअर थोडी सूट देतं. विद्यापीठांमध्ये चालणाऱ्या शिबोलेथमध्ये ती मुळात 180 सेकंदांची असते. इथेही तेवढीच असेल, तर सूट धरून पोर्टल 04:31:04 पर्यंत जाईल. तीन सेकंद कमी पडले, लॉगिन नाकारलं.

आता याच ऑफिसातल्या ज्या माणसाचं इंटरनेट संथ आहे, त्याचं पत्र पोहोचायला पाच सेकंद लागतात आणि तो बिनबोभाट आत जातो. एकाचं चालतं, दुसऱ्याचं नाही, मग संशय माणसांवर जातो. अशी विस्कळीत तक्रार आली की मी तरी पहिल्यांदा घड्याळच बघेन.

तीन मिनिटांचा फरक एका रात्रीत पडायला हवा असं नाही. साध्या सर्व्हरमधलं क्वार्ट्झचं घड्याळ दिवसाला दीड-दोन सेकंद सहज भरकटतं. ते वेळोवेळी जुळवायचं काम एनटीपी या सेवेचं. फायरवॉलचे नियम बदलताना यूडीपीचा 123 क्रमांकाचा पोर्ट बंद झाला तर कुणाला काही जाणवत नाही. दिवसाला दोन सेकंद या हिशेबाने सुमारे तीन महिन्यांनी लॉगिन अडायला लागतं, आणि तोवर फायरवॉलमधला तो बदल सगळे विसरलेले असतात. लिनक्सवर `chronyc tracking` दिलं की उत्तर मिळतं. तिथे `Not synchronised` दिसलं की चोर सापडला. पोर्ट उघडून `chronyc makestep` दिलं की घड्याळ जागेवर येतं. भारतात सर्ट-इनने एप्रिल 2022 मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी सर्व्हर जुळवणं अपेक्षित आहे, तेव्हा ही कसर राहायला नकोच. सूट 180 सेकंदांवरून तासावर नेऊन वेळ मारून नेणं मात्र चुकीचं. मग चोरलेलं पत्रही तेवढा जास्त वेळ चालतं.

सर्टिफिकेटचा बिघाड वेगळा ओळखू येतो. तो एका क्षणी सगळ्यांनाच अडवतो. आयडेंटिटी प्रोव्हायडर आपल्या गुप्त किल्लीने सही करतो आणि पोर्टलकडे त्याचं सर्टिफिकेट जपून ठेवलेलं असतं, सही त्यावरून पडताळली जाते. लोक इथे फक्त मुदतीची तारीख बघतात आणि फसतात. मायक्रोसॉफ्टच्या एडीएफएसचं उदाहरण घ्या. त्याचं सही करायचं सर्टिफिकेट मुळात एक वर्षाचं असतं. मुदत संपायच्या 20 दिवस आधी ते आपोआप नवं तयार करतं आणि त्यानंतर पाच दिवसांनी नव्याने सह्या करू लागतं. म्हणजे पोर्टलकडच्या जुन्या सर्टिफिकेटची मुदत अजून 15 दिवस बाकी असतानाच लॉगिन बंद पडतं. तारीख पाहणारा म्हणणार, सर्टिफिकेट तर चालू आहे. उलटही घडतं: काही पोर्टल तारीख बघतच नाहीत, किल्ली जुळली की पुरे, म्हणून मुदत संपलेलं सर्टिफिकेटही त्यांच्याकडे महिनोन्‌महिने चालून जातं.

तेव्हा जुळवायची असते ती ठशांची खूण:

```
openssl x509 -in idp.crt -noout -enddate -fingerprint -sha256
```

ही कमांड पोर्टलमधल्या सर्टिफिकेटवर एकदा आणि असर्शनमध्ये `X509Certificate` खाली आलेल्या सर्टिफिकेटवर एकदा चालवा. खुणा वेगळ्या आल्या की निदान झालं. असर्शन पाहण्यासाठी ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमधून `SAMLResponse` घेऊन आपल्याच मशीनवर बेस64 उलगडावं. ते कुठल्याही अनोळखी वेबसाइटवर चिकटवू नये, त्यात माणसाची ओळख आणि चालू लॉगिन दोन्ही असतात.

नवं सर्टिफिकेट असर्शनमधून उचलून पोर्टलमध्ये टाकायचा मोह होतो. पत्र खरं की खोटं हेच ठरायचं असताना त्याच पत्रातल्या शिक्क्यावर विश्वास ठेवणं धोक्याचं आहे. सर्टिफिकेट आयडेंटिटी प्रोव्हायडरच्या मेटाडेटामधूनच घ्यावं. सही तपासणं ‘तात्पुरतं’ बंद करणं तर त्याहून वाईट, तेवढ्या वेळात कुणीही कुणाच्याही नावाचं पत्र लिहून आत येऊ शकतो.

मेटाडेटात एकाच वेळी दोन सर्टिफिकेटं ठेवता येतात, आणि पोर्टलला तशी सोय असेल तर तीच वाट सरळ आहे: नवं आधी पोर्टलमध्ये जोडायचं, मग सह्या नव्याने सुरू करायच्या, सगळं सुरळीत दिसलं की जुनं काढायचं. मायक्रोसॉफ्ट एन्ट्रामध्ये हे सर्टिफिकेट मुळात तीन वर्षांचं असतं, आणि मुदतीच्या 60, 30 व 7 दिवस आधी ईमेल येते. ती सहसा ज्याने जोडणी केली त्याच्या पत्त्यावर जाते. तीन वर्षांत तो माणूस नोकरी सोडून गेलेला असू शकतो, म्हणून तिथे गटाचा पत्ता टाकावा. आणि पोर्टलचं एक तरी अ‍ॅडमिन खातं असं ठेवावं, जे सिंगल साइन-ऑनशिवाय, स्वतःच्या पासवर्डने आणि दुसऱ्या पडताळणीने उघडतं. नाहीतर नवं सर्टिफिकेट टाकायला ज्या पानावर जायचं, त्या पानाचं दारही याच बंद लॉगिनमागे असतं.