रुग्णालयीन नोंदी पाहण्यासाठी परवानगीचे पत्र

विनंतीपत्राची सर्वसाधारण रचना आपण मागे पाहिली. येथे त्याचा एक विशेष प्रकार पाहू. एम.एस्सी. नर्सिंगची एक विद्यार्थिनी शस्त्रक्रियेनंतर जखमेत होणाऱ्या जंतुसंसर्गावर प्रबंध लिहीत आहे, असे समजा. त्यासाठी तिला पुरुष शल्यकक्षातील जुने केसपेपर पाहायचे आहेत. पत्र वैद्यकीय अधीक्षकांना उद्देशून, परंतु मार्गदर्शकांच्या शिफारशीसह जाईल.

पहिल्या मसुद्यात ती लिहिते : ‘कक्षातील रुग्णांची माहिती गोळा करण्यास परवानगी मिळावी.’ वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे; तरीही ते फसवे आहे. ‘रुग्णांची माहिती’ म्हणजे रुग्णांकडून घेतलेली की रुग्णांविषयीची? षष्ठी विभक्ती दोन्ही अर्थांना वाव देते. अधीक्षकांनी पहिला अर्थ घेतला, तर प्रत्येक रुग्णाच्या संमतीचा प्रश्न उभा राहतो आणि पत्र परत येते. ‘गोळा करणे’ हे क्रियापदही सैल आहे. नोंद वाचणे, तीतील मजकूर उतरवून घेणे आणि तिचे छायाचित्र काढणे या तीन निरनिराळ्या परवानग्या आहेत. छायाचित्रात रुग्णाचे नाव व पत्ताही येतो, म्हणून हा भेद महत्त्वाचा.

सुधारित मजकूर असा :

‘१ जानेवारी ते ३१ डिसेंबर २०२३ या काळात पुरुष शल्यकक्षातून घरी पाठविलेल्या रुग्णांच्या केसपेपरमधील वय, शस्त्रक्रियेचा प्रकार, शस्त्रक्रियेनंतरचे दिवस व जखमेची स्थिती एवढ्याच नोंदी मी स्वतः अभिलेख कक्षात बसून तक्त्यात उतरवून घेईन. नाव, पत्ता व नोंदणी क्रमांक उतरविणार नाही. कोणत्याही कागदाची छायाप्रत वा छायाचित्र घेणार नाही. रुग्णांशी संपर्क साधणार नाही.’

‘मी स्वतः’ हे शब्द मुद्दाम योजले आहेत. कार्यालयीन मराठीला ‘नोंदी घेतल्या जातील’ अशा कर्मणी रचनेची फार हौस. परंतु तीत कर्ता लपतो, आणि केसपेपर कोणाच्या हाती जाणार हेच तर अधीक्षकांना जाणून घ्यायचे असते. नाव वगळले म्हणजे ओळख पुसली, असेही नाही. लहान गाव, दुर्मीळ आजार व दाखल झाल्याची तारीख एकत्र आली, की रुग्ण ओळखता येतो. म्हणून वरील यादीत गाव व तारीख नाही.

अडचण येते ती नैतिकता समितीच्या मान्यतेपाशी. रुग्णालय समितीची मान्यता मागते, समिती रुग्णालयाची परवानगी मागते. अशा वेळी ‘संस्थेच्या नैतिकता समितीच्या मान्यतेच्या अधीन राहून तत्त्वतः परवानगी मिळावी, मान्यतापत्र सादर केल्याशिवाय काम सुरू करणार नाही’ असे लिहावे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, ओळख पुसलेल्या जुन्या नोंदींच्या अभ्यासासाठी रुग्णांच्या संमतीतून सूट देता येते. मात्र ती सूट समितीने द्यायची असते. अधीक्षकांकडे ती मागू नये.

सोबत प्रबंधाचा आराखडा व कोरा तक्ता जोडावा. पत्रात लिहिलेले रकाने आणि तक्त्यातील रकाने तंतोतंत जुळतात की नाही, हे पाठविण्यापूर्वी ताडून पाहावे. तक्त्यात एक रकाना जास्त निघाला, तरी पत्रावर शेरा येतो.