वाळूतली टाच

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही दापोलीजवळ कर्द्याला गेलो होतो. पुण्यात मी आठवड्यातून तीनदा रस्त्यावर पाच-सहा किलोमीटर धावतो, त्यामुळे समोर एवढा लांबलचक किनारा दिसल्यावर राहवेना. बूट खोलीवरच ठेवले आणि वरच्या कोरड्या वाळूतून अनवाणी आठ किलोमीटर धावून आलो. दम चांगलाच लागला, पण गुडघ्यांनी हूं की चूं केलं नाही. दुसऱ्या दिवशी दोन्ही पोटऱ्यांचे दगड झाले होते. तिसऱ्या दिवशी त्या सैलावल्या आणि मी निर्धास्त झालो. चौथ्या दिवशी सकाळी पलंगावरून पाय खाली टेकला, तर डाव्या टाचेच्या चार बोटं वर अशी कळ आली की भिंत धरत न्हाणीघर गाठलं. त्या दुखण्याने पुढचे चार महिने खाल्ले.

आमचे घरमालक काका हसले. म्हणाले, "अहो, वरच्या पुळणीत बैलसुद्धा पळत नाही. काल द्वादशी, सकाळी नवाला पूर्ण भरती. तुम्हाला कडक वाळू मिळणार कुठून?" कोकणातला जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. बारा तिथीची पाऊणपट नऊ. म्हणजे मी आठ वाजता उतरलो, तेव्हा ओली, घट्ट वाळू सगळी पाण्याखाली होती आणि धावायला उरली होती ती फक्त भुसभुशीत.

भुसभुशीत वाळूत नेमकं काय होतं, हे फिजिओथेरपिस्टकडे खेटे घालताना कळलं. पोटरीचे दोन मोठे स्नायू खाली एकत्र येतात आणि एका जाड कंडरेने टाचेच्या हाडाला जोडले जातात. हीच ती अकिलीस. कडक जमिनीवर आपण पाय टेकतो तेव्हा ती स्प्रिंगसारखी ताणली जाते आणि पाय उचलताना साठवलेला बराचसा जोर परत देते. म्हणून रस्त्यावर पोटरीला प्रत्येक पाऊल पहिल्यापासून ढकलावं लागत नाही. वाळूत मात्र तुम्ही ढकलता आणि वाळू मागे सरकते. परत मिळायचा जोर तिथेच जिरतो, तो स्नायूंना नव्याने पैदा करावा लागतो. बेल्जियममधल्या संशोधकांनी 1998 साली हे मोजलं होतं. त्याच वेगाने वाळूत चालायला कडक जमिनीच्या 2.1 ते 2.7 पट ऊर्जा लागली, धावायला 1.6 पट. चालण्यातला फरक धावण्याहून मोठा निघाला, हे वाचून मला नवल वाटलं. 'मी काय नुसतं चालतोय' म्हणणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

दुसरी गोष्ट टाचेची. रस्त्यावर धावायच्या नेहमीच्या बुटात टाच चवड्यापेक्षा साधारण 10 मिलिमीटर उंच असते. वर्षानुवर्षं तो बूट घातला की पोटरी आणि कंडरा तेवढ्याच ताणाला सरावतात. बूट काढले की ती उंची जाते. त्यात वाळूत टाच खोल रुतली की ती चवड्याच्याही खाली जाते आणि कंडरा भाराखाली आणखी ताणली जाते. मऊ वाळूत पाऊल आखूड पडतं. नव्वद सेंटिमीटरचं धरलं, तर आठ किलोमीटरमध्ये दर पायाला जवळपास 4,400 वेळा हा ताण.

गंमत अशी, की या दुखण्यावरचा सर्वांत प्रसिद्ध उपाय जवळजवळ हाच आहे. स्वीडनमधले शल्यचिकित्सक हॉकन आल्फ्रेडसन यांनी 1998 मध्ये तो मांडला. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभं राहायचं आणि दुखऱ्या पायावर भार देत टाच हळूहळू पायरीच्या खाली न्यायची. वर येताना दुसऱ्या पायाची मदत घ्यायची. पंधरा-पंधराच्या तीन फेऱ्या गुडघा सरळ ठेवून, तेवढ्याच वाकवून, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. म्हणजे दिवसाला 180 वेळा, सावकाश, कठडा धरून. मी तेच 4,400 वेळा केलं होतं, घाईने आणि सराव नसताना. मात्र दुखणं कंडरेच्या मध्यावर नसून अगदी टाचेच्या हाडाला चिकटून असेल, तर टाच पायरीखाली नेऊ नये. तो व्यायाम सपाट जमिनीवरच करतात. अशा माणसाला मऊ वाळूही सोसत नाही.

पोटरी नुसती आंबली आहे की कंडरा दुखावली आहे, हे ओळखता येतं. आंबलेली पोटरी मांसल भागात, सगळीकडे दुखते, एक-दोन दिवसांत कळस गाठते आणि ओसरते. कंडरेचं दुखणं बोट ठेवून दाखवता येतं. चिमटीत धरून दाबलं की कळतं, आणि सकाळची पहिली पावलं लाकडासारखी पडतात. थोडं चाललं की ते मोकळं होतं, आणि इथेच माणूस फसतो: मोकळं झालं म्हणून पुन्हा धावायला जातो. खरा कौल दुसऱ्या दिवशी सकाळी मिळतो. आखडलेपण आदल्या दिवसापेक्षा वाढलं असेल, तर कालचा डोस जास्त झाला. आणि धावताना मागून कोणी काठी हाणल्यासारखं वाटलं, चवड्यावर उभंच राहता येईना, तर कंडरा तुटल्याची शंका घ्यायची आणि त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञ गाठायचा. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिवोफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविकं चालू असतील किंवा नुकतीच संपली असतील, तर हा धोका वाढतो. ही गोष्ट औषधाच्या पाकिटातल्या कागदावर असते, पण तो कागद वाचतो कोण?

मग अनवाणी की बूट? माझं मत वाळूवर ठरतं. ओल्या, घट्ट वाळूत टाच फारशी रुतत नाही. तिथे अनवाणी चालायला निरोगी पायाला हरकत नाही, पण धावायचं तर ती जवळजवळ रस्त्याइतकीच कडक असते, म्हणून मी बूटच घालतो. कोरड्या वाळूत बूट भरतात, फोड येतात. तरीही अकिलीसची तक्रार असलेल्याला टाचेची ती दहा मिलिमीटर उंची उपयोगी पडते. मधुमेहाने तळव्याची जाणीव कमी झालेल्यांनी मात्र अनवाणी जाऊच नये. मासेमारीचा गळ किंवा फुटलेला शिंपला रुतला, तरी त्यांना कळत नाही. आणखी एक, किनारा पाण्याकडे उतरता असेल तर एक पाय सतत खालच्या बाजूला पडतो. जाताना आणि येताना त्याच रेषेतून आलं, तर निदान ओझं दोन्ही पायांत वाटलं जातं.

परत वाळूवर उतरलो ते बारा आठवड्यांच्या पायरीनंतर. पहिल्या दिवशी ओल्या वाळूत बुटात वीस मिनिटं चाललो. एक दिवस मध्ये सोडून पुन्हा तेवढंच, त्यात एकेक मिनिटाच्या चार हलक्या धावा. सकाळ ठणठणीत गेली तरच पुढचं. अनवाणी मऊ वाळू शेवटी, पाच मिनिटं, तीही चालत.

आता कोकणची खोली ठरवताना मी आधी कालनिर्णय उघडतो. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या सुमाराला येते, म्हणजे सकाळी सहाला ओहोटी आणि कडक वाळूचा रुंद पट्टा. अष्टमीला सहालाच भरती असते. बायको म्हणते, लग्नाचा मुहूर्तसुद्धा याने इतका बघितला नव्हता.