ट्यूमर बोर्डाचा निर्णय फाइलमध्ये कसा उतरवावा

ट्यूमर बोर्ड म्हणजे शस्त्रक्रिया, केमोथेरपी, रेडिएशन, पॅथॉलॉजी आणि रेडिओलॉजी या विभागांतल्या डॉक्टरांनी एकत्र बसून कर्करोगाच्या रुग्णाचे उपचार ठरवण्याची बैठक. एकेका रुग्णाच्या वाट्याला तिथे थोडीच मिनिटे येतात. त्यानंतर निवासी डॉक्टर, वॉर्डातली सिस्टर किंवा रुग्णाच्या गावचा डॉक्टर पुढचे पाऊल टाकतात ते फाइलमधली नोंद वाचूनच. ही नोंद त्याच दिवशी व्हायला हवी, कारण चार दिवसांनी आठवून लिहिताना निर्णयामागचे कारण हमखास गळते.

तोंडाच्या कर्करोगाचे एक काल्पनिक उदाहरण घेऊ. 52 वर्षांच्या एका गृहस्थांच्या गालाच्या आतल्या बाजूची गाठ 3 मार्चला काढली. 18 मार्चला अहवाल बोर्डापुढे आला: मानेतल्या एका लसिकाग्रंथीत रोग पोहोचला आहे आणि ग्रंथीचे आवरण फोडून बाहेर पडला आहे. असे असले की रोग उलटण्याचा धोका वाढतो, म्हणून रेडिएशनच्या जोडीला सिस्प्लॅटिन हे औषध देण्याचे ठरले. फाइलमध्ये मात्र एवढेच लिहिले गेले: ‘केमोरेडिएशन देणे. दातांचे बघणे. योजनेची मंजुरी घेणे.’

यातला एकही शब्द चुकीचा नाही, तरीही ही नोंद धोक्याची आहे. दातांचे कोणी बघायचे, हे तिच्यात कुठेच नाही. रेडिएशन झालेल्या जबड्यातला दात नंतर काढावा लागला तर जखम नीट भरत नाही आणि हाड कुजू शकते. त्यामुळे किडलेले दात आधीच काढून साधारण दोन आठवडे थांबावे लागते. रुग्ण एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रेडिएशन विभागात पोहोचला आणि किडलेले दात तेव्हा दिसले, तर ते दोन आठवडे थेट उपचारातून कापले जातात.

म्हणून मुदती शेवटाकडून मागे मोजत याव्यात. शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन शक्यतो सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावे, असा संकेत आहे. म्हणजे या रुग्णासाठी शेवटची तारीख 14 एप्रिल. त्याआधी जखम भरायला दोन आठवडे आणि हाताशी थोडी सवड धरली, तर दात 25 मार्चपर्यंत निघायला हवेत. चेहऱ्याचा मास्क आणि नियोजनाचा सीटी स्कॅन 2 एप्रिलला झाला, तर रेडिएशनचा आराखडा तयार करून तपासायला आठवडाभर मिळतो. सिस्प्लॅटिन मूत्रपिंड आणि श्रवणशक्ती या दोन्हींवर परिणाम करू शकते, म्हणून क्रिएटिनिन आणि ऑडिओमेट्री 6 एप्रिलपर्यंत. महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजनेतून उपचार होणार असतील, तर मंजुरीची कागदपत्रे आरोग्यमित्राकडे 24 मार्चपर्यंत. आता प्रत्येक ओळीला तारीख मिळाली. तिच्यापुढे एका माणसाचे नाव आले की नोंद पूर्ण होते.

नावाच्या जागी ‘दंतविभाग’ किंवा ‘रेडिएशन टीम’ लिहिण्याची सवय सगळ्यात महागात पडते. विभागाला फोन लावता येतो, पण जाब कोणालाच विचारता येत नाही. निवासी डॉक्टरांची पोस्टिंग बदलते, म्हणून मुख्य नाव वरिष्ठ डॉक्टरांचे असावे आणि ते रजेवर असतील तर काम कोण पाहील तेही लिहावे. शिवाय ज्याचे नाव आहे त्याने होकार दिलेला असला पाहिजे. दंतवैद्य बहुधा बैठकीत नसतात, तेव्हा त्यांना फोन करून ‘18 मार्च, दुपारी कळवले’ अशी टीप जोडावी लागते. निर्णय रुग्णाला आणि घरच्यांना कोण सांगणार, हेही असेच एक नाव. ते नसले तर प्रत्येक डॉक्टर दुसऱ्याने सांगितले असेल असे गृहीत धरतो.

नोंदीत ‘नाहीतर काय’ यालाही जागा हवी. क्रिएटिनिन क्लिअरन्स मिनिटाला 50 मिलिलिटरच्या खाली आला तर सिस्प्लॅटिन सुरू करू नये. केमोथेरपीचे डॉक्टर पर्याय ठरवतील, पण रेडिएशनची तारीख हलणार नाही, असे एक वाक्य पुरते. ते नसेल तर एका रक्त तपासणीपायी सगळे उपचार पुढच्या बैठकीपर्यंत अडकून पडतात. बैठकीत कोणाचे मत वेगळे असेल तर तेही कारणासह लिहावे. बोर्डाने रुग्णाला दर वेळी प्रत्यक्ष पाहिलेले नसते. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना तपासताना वेगळे काही आढळले तर ते निर्णय बदलू शकतात, मात्र बदल आणि त्याचे कारण त्याच पानावर यायला हवे.

पुढच्या बैठकीची सुरुवात नव्या रुग्णांनी न करता मुदत उलटलेल्या ओळींनी करावी. बोर्डाच्या समन्वयकाने अशा ओळींची यादी आणावी, ज्याचे नाव आहे त्याने कारण सांगावे आणि तिथेच नवी तारीख पडावी. काम झाले की ठरलेल्या तारखेशेजारी ते प्रत्यक्ष कधी झाले ती तारीख लिहून सही करायची. रुग्णाने उपचार नाकारले तर ओळ नुसती खोडायची नाही. नकाराचे कारण लिहून रुग्ण पुन्हा बोर्डापुढे ठेवायचा.