शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेचे मापन

शस्त्रक्रियेनंतरचे वेदनामापन म्हणजे रुग्णाच्या वेदनेची तीव्रता ठरावीक पट्टीने अंकांत नोंदवण्याची व त्यानुसार उपचार ठरवण्याची पद्धत होय. वेदना ही व्यक्तिगत अनुभूती असल्याने रुग्णाचे स्वतःचे सांगणे सर्वांत ग्राह्य मानले जाते. जो सांगू शकत नाही, त्याच्या वर्तनावरून अंदाज बांधला जातो.

## वयानुसार पट्ट्या

साधारणतः दोन महिने ते सात वर्षे वयाच्या मुलांसाठी 'फ्लॅक' ही पट्टी वापरतात. तीत चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजूत घातल्यावर शांत होणे या पाच बाबींना प्रत्येकी ० ते २ गुण देतात. एकूण ४ ते ६ गुण मध्यम आणि ७ ते १० गुण तीव्र वेदना दर्शवतात.

तीन वर्षांपुढील मूल वाँग-बेकर पट्टीवरील सहा चेहऱ्यांपैकी आपला चेहरा दाखवू शकते. मात्र काही मुले वेदनेऐवजी आपल्या आनंदाचा वा भीतीचा चेहरा निवडतात. सुमारे आठ वर्षांपुढील मुले व प्रौढ व्यक्ती ० ते १० यांतील अंक सांगतात. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसाठी श्वसन, कण्हणे, चेहरा, देहबोली व शांत होणे यांवर आधारित 'पेनॅड' ही पट्टी आहे.

## काळजी-योजनेचे उदाहरण

हर्नियाची शस्त्रक्रिया झालेला १६ किलो वजनाचा चार वर्षांचा मुलगा निमूट पडून आहे, असे समजू. तो अलिप्त दिसतो, म्हणून चेहऱ्याला १ गुण मिळतो. इतर बाबींना शून्य. कुशीवर वळवताच तो पाय पोटाशी घेतो (२), कपाळाला आठ्या घालतो (१), चुळबुळतो (१), कण्हतो (१) आणि आईने कुरवाळल्यावर शांत होतो (१). एकूण गुण ६ होतात. केवळ विश्रांतीच्या वेळी मोजले असते, तर ही वेदना नोंदलीच गेली नसती.

गुण ४ च्या खाली ठेवणे व मुलाने अंथरुणातून उठणे हे योजनेचे उद्दिष्ट असते. डॉक्टरांच्या आदेशानुसार पॅरासिटामॉल प्रतिकिलो १५ मिलिग्रॅम, म्हणजे २४० मिलिग्रॅम, दर सहा तासांनी दिले जाते. वेदना उसळण्याची वाट न पाहता ते वेळेवर देतात. आईला जवळ बसवणे व गोष्टीत मन रमवणे हेही योजनेत असते. तोंडावाटे औषध दिल्यावर सुमारे एका तासाने त्याच पट्टीने, पुन्हा कुशीवर वळवून गुण मोजतात. ते कमी न झाल्यास पुढील औषधासाठी डॉक्टरांना कळवतात.

## मर्यादा

भूक किंवा भीती यांमुळेही फ्लॅकचे गुण वाढतात. उलट मॉर्फिनसारख्या औषधाने गुंगीत असलेल्या मुलाचे गुण फसवे कमी येतात. म्हणून गुणांसोबत जागरूकता व श्वसनगतीही नोंदवतात. औषध देऊनही वेदना वाढत राहिल्यास केवळ मात्रा न वाढवता रक्तस्राव, जंतुसंसर्ग, आवळलेली पट्टी किंवा तुंबलेली लघवी यांचा शोध घेणे आवश्यक ठरते.