एक कीटोन, एक एस्टर आणि दोन हायड्राइड

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शिकागो विद्यापीठात हर्मन श्लेसिंजर आणि त्यांचे तरुण सहकारी हर्बर्ट ब्राऊन युरेनियमच्या सहज वाफ होणाऱ्या संयुगांवर काम करत होते. त्या खटाटोपात सोडियम बोरोहायड्राइड हा पांढरा क्षार त्यांच्या हाती लागला. सोडियम हायड्राइड आणि मेथिल बोरेट सुमारे 250 अंशांना एकत्र तापवलं की तो तयार होई, पण त्यात सोडियम मेथॉक्साइड मिसळलेलं असे. दोन्ही वेगळी करायला योग्य विद्रावक हवा होता, म्हणून अॅसिटोन वापरून पाहिलं. क्षार विरघळला, द्रावण तापलं, आणि मग बोरोहायड्राइड काही केल्या परत मिळेना. त्याच्या एकेका रेणूने अॅसिटोनच्या चार-चार रेणूंना हायड्रोजन देऊन टाकला होता, आणि पाणी घातल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं. शोध विद्रावकाचा होता, सापडला कीटोनचं अल्कोहोल करणारा क्षपणक.

युद्धकाळातली गुप्तता आड आल्याने हे काम 1953 साली प्रसिद्ध झालं. त्याआधीच, 1947 साली, श्लेसिंजर यांच्याच प्रयोगशाळेतून लिथियम अॅल्युमिनियम हायड्राइड जगापुढे आलं होतं. एकाच घरात जन्मलेल्या या दोन क्षपणकांची रचना जवळपास सारखी आहे: मधोमध बोरॉन किंवा अॅल्युमिनियम, त्याला जोडलेले चार हायड्रोजन, आणि सोबत सोडियम किंवा लिथियमचा आयन. दोघांचं कामही एकच, कार्बन आणि ऑक्सिजनमधल्या दुहेरी बंधाला हायड्रोजन देणं. तरीही एक कोणत्या गटाला हात लावतो आणि दुसरा कोणाला सोडत नाही, यावर हातात पडणारा पदार्थ पूर्णपणे बदलतो. हे पाहायला इथिल अॅसिटोअॅसिटेटइतका चांगला रेणू नाही. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या तो ओळखीचा असतो. त्याचं सूत्र CH3COCH2COOC2H5. त्यात दोन कार्बोनिल आहेत, एक कीटोनचा, दुसरा एस्टरचा, आणि दोघांच्या मध्ये फक्त एक कार्बन.

कार्बोनिलमधला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो, त्यामुळे कार्बनवर थोडा धनप्रभार येतो. ऋणप्रभारित हायड्राइड त्या कार्बनवर येऊन बसतं. कार्बनला इलेक्ट्रॉनची जितकी उणीव, तितकं हे काम सोपं. अल्डिहाइड आणि कीटोन या बाबतीत पुढे असतात. एस्टरमध्ये शेजारी आणखी एक ऑक्सिजन असतो, आणि तो आपले इलेक्ट्रॉन कार्बनला देऊन त्याची उणीव काहीशी भरून काढतो. अमाइडमधला नायट्रोजन तर याहून उदारपणे देतो. म्हणून त्याच क्रमाने हे गट क्षपणाला अधिकाधिक दाद देईनासे होतात.

आता क्षपणकांची बाजू. अॅल्युमिनियमची इलेक्ट्रॉनवरची पकड बोरॉनपेक्षा ढिली आहे, त्यामुळे त्याला जोडलेल्या हायड्रोजनवर जास्त ऋणप्रभार राहतो आणि तो लवकर सुटतो. शिवाय लिथियमचा इवलासा आयन कार्बोनिलच्या ऑक्सिजनला घट्ट चिकटतो, आणि त्या ओढीने कार्बनची उणीव आणखी वाढते. सोडियमचा मोठा आयन हे फारसं साधत नाही. म्हणून बोरोहायड्राइडला कीटोन सहज जमतो, एस्टर अवघड जातो. अॅल्युमिनियमवाल्याला दोन्ही सारखेच. याच फरकाने त्यांचे विद्रावकही ठरतात. बोरोहायड्राइड इथेनॉलमध्ये काही तास तग धरतं. लिथियम अॅल्युमिनियम हायड्राइड इथेनॉल किंवा पाण्याला भेटताच उफाळतं, म्हणून त्याला कोरडा ईथर किंवा टेट्राहायड्रोफ्युरानच लागतो.

पहिला प्रयोग बोरोहायड्राइडचा. 1.3 ग्रॅम इथिल अॅसिटोअॅसिटेट, म्हणजे 10 मिलिमोल, साधारण 10 मिली इथेनॉलमध्ये घेऊन फ्लास्क बर्फात ठेवायचा. क्षपणकाचा एक रेणू चार हायड्राइड देतो, त्यामुळे हिशेबाने 0.095 ग्रॅम पुरेसं आहे. पण इथेनॉल स्वतः थोडं खातं, म्हणून 0.2 ग्रॅमच्या आसपास घेतात आणि चिमूट-चिमूट टाकत ढवळतात. अर्ध्या-पाऊण तासात काम होतं. मग विरल हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने घालायचं. उरलेलं बोरोहायड्राइड हायड्रोजनचे बुडबुडे सोडत संपतं आणि बोरॉनला चिकटून बसलेलं अल्कोहोल मोकळं होतं. इथिल अॅसिटेटने निष्कर्षण करून, सोडियम सल्फेटने वाळवून विद्रावक उडवला की रंगहीन द्रव उरतो: इथिल 3-हायड्रॉक्सीब्युटानोएट. कीटोनच्या जागी अल्कोहोल आलं, एस्टर जसाच्या तसा राहिला.

खरंच तसं झालं का, हे तपासायला फेरिक क्लोराइडचा एक थेंब पुरतो. मूळ पदार्थाचा थोडा अंश इनॉल रूपात असतो, आणि फेरिक क्लोराइडने त्याला जांभळट-लाल रंग येतो. कीटोन संपला की रंग येत नाही. अवरक्त वर्णपटात सुरुवातीला 1740 च्या आसपास एस्टरची आणि 1715 च्या आसपास कीटोनची खूण दिसते. शेवटी एस्टरची टिकते, कीटोनची जाते, आणि 3400 जवळ अल्कोहोलची रुंद पट्टी उमटते. रंग अजून दिसत असेल तर बहुतेक वेळा बाटली जुनी असते. बोरोहायड्राइड हवेतला ओलावा ओढून गोळा होतं आणि त्याचा जोर कमी होतो.

उलट चूकही होते, आणि ती ओळखायला अधिक कठीण आहे. क्षपणक खूप जास्त घेतलं आणि मिश्रण कोमट ठेवून रात्रभर सोडलं, तर शेजारच्या अल्कोहोलच्या मदतीने एस्टरही हळूहळू क्षपित होऊ लागतो. त्यातून तयार होणारं 1,3-ब्युटेनडायोल पाण्यात पूर्णपणे मिसळतं, त्यामुळे ते निष्कर्षणात वर येतच नाही. उत्पादन कमी भरतं आणि करणाऱ्याला वाटतं, आपलं निष्कर्षण नीट झालं नाही. खरं तर पदार्थ पाण्याच्या थरात बसलेला असतो. आणखी एक मर्यादा अशी की तयार झालेल्या अल्कोहोलची डावी आणि उजवी, दोन्ही आरशातली रूपं समान मिळतात. एकच हवं असेल तर बोरोहायड्राइड कामाचं नाही. साखरेच्या पाण्यातलं पावाचं यीस्ट हेच क्षपण करून प्रामुख्याने एक रूप देतं.

आता लिथियम अॅल्युमिनियम हायड्राइड. पाठ्यपुस्तकात इथिल अॅसिटोअॅसिटेटपासून बाण काढून समोर 1,3-ब्युटेनडायोल लिहिलेलं असतं. फ्लास्कमधलं वास्तव इतकं स्वच्छ नाही. दोन कार्बोनिलांच्या मधल्या कार्बनवरचे हायड्रोजन आम्लधर्मी आहेत, आणि हे हायड्राइड आधी एक प्रबळ आम्लारी आहे. ते तिथला हायड्रोजन ओढून काढतं, इनोलेट बनतं, आणि इनोलेटमध्ये इलेक्ट्रॉन आधीच भरपूर असल्याने पुढचं क्षपण रेंगाळतं, वाकड्या वाटेने जातं, मिश्रण हाती येतं. डायोल हवं असेल तर सरळ मार्ग असा की पहिल्या प्रयोगातला हायड्रॉक्सी एस्टर घ्यायचा आणि मग लिथियम अॅल्युमिनियम हायड्राइड वापरायचं.

पण माझ्या मते या रेणूची खरी परीक्षा तिसऱ्या लक्ष्यात आहे: कीटोन राखायचा आणि फक्त एस्टर क्षपित करायचा. दोघांपैकी कोणताही क्षपणक हे थेट करत नाही, कारण कीटोन नेहमी आधी जातो. म्हणून कीटोनला तात्पुरतं झाकावं लागतं. इथिलीन ग्लायकोल आणि चिमूटभर टोल्युइनसल्फोनिक आम्ल घालून टोल्युइनमध्ये उकळायचं आणि निघणारं पाणी डीन-स्टार्क नळीत गोळा करायचं. 10 मिलिमोलला जेमतेम 0.18 मिली पाणी निघतं. कीटोनचा आता अॅसिटाल झाला. त्यात कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध उरत नाही, त्यामुळे हायड्राइडला पकडण्यासारखं काही राहत नाही.

कोरड्या फ्लास्कमध्ये नायट्रोजनखाली, बर्फाच्या थंडाव्यात, ईथरमध्ये 0.3 ग्रॅम लिथियम अॅल्युमिनियम हायड्राइड घेऊन त्यात अॅसिटालचं द्रावण थेंबाथेंबाने सोडायचं. एस्टरला दोन हायड्राइड लागतात, म्हणून 10 मिलिमोलला 0.19 ग्रॅम हिशेबाने पुरेसं आहे, थोडं जास्त घेतलेलं बरं. नंतरची पायरी सर्वांत नाजूक. एक ग्रॅम हायड्राइड पाण्याबरोबर खोलीच्या तापमानाला सुमारे अडीच लिटर हायड्रोजन सोडतं, आणि आग लागली तर पाणी किंवा कार्बन डायऑक्साइड कामाचं नाही, कोरडी वाळूच लागते. म्हणून फ्लास्क पुन्हा बर्फात ठेवून, प्रत्येक ग्रॅममागे आधी 1 मिली पाणी, मग 1 मिली 15 टक्के सोडियम हायड्रॉक्साइड, मग 3 मिली पाणी, अगदी सावकाश. या प्रमाणात अॅल्युमिनियम दाणेदार पांढऱ्या रूपात खाली बसतं आणि गाळता येतं. नुसतं खूप पाणी ओतलं तर जेलीसारखा लगदा होतो आणि पदार्थ त्यात अडकतो. पाण्यात मिसळणारं अल्कोहोल असेल तर ही पद्धत दुहेरी उपयोगाची, कारण निष्कर्षण टाळता येतं. शेवटी विरल आम्लाने अॅसिटाल काढला की 4-हायड्रॉक्सी-2-ब्युटॅनोन मिळतं. आम्ल तीव्र झालं किंवा उष्णता वाढली तर पाणी निघून मेथिल विनाइल कीटोन तयार होतं, आणि ते डोळ्यांना झोंबणारं विषारी संयुग आहे.

इतर गटांचं थोडक्यात सांगतो. इथेनॉलमध्ये बोरोहायड्राइड वापरलं तर सुगंधी वलयावरचा नायट्रो गट, नायट्राइल, अमाइड आणि साधा दुहेरी कार्बन बंध सहसा शाबूत राहतात. कार्बोक्सिलिक आम्ल त्याच्याबरोबर वायू सोडून क्षार बनतं, क्षपित होत नाही. लिथियम अॅल्युमिनियम हायड्राइड मात्र आम्लाचं अल्कोहोल करतं, नायट्राइल आणि अमाइडचं अमाइन, इपॉक्साइडचं वलय उघडतं, आणि नायट्रोबेंझीनसारख्या संयुगांपासून रंगीत अॅझो संयुगं बनवतं. एकटा दुहेरी कार्बन बंध मात्र त्याच्यासमोरही टिकतो.

ही यादी पाठ करून निर्धास्त होऊ नये, कारण ती ठरलेल्या विद्रावकासाठी आणि ठरलेल्या आयनासाठी खरी आहे. त्याच बोरोहायड्राइडच्या मिश्रणात कॅल्शियम क्लोराइड किंवा लिथियम क्लोराइड टाकलं, की सोडियमची जागा ऑक्सिजनला घट्ट धरणारा आयन घेतो, आणि जो एस्टर एरवी सुखरूप राहिला असता तोही अल्कोहोलमध्ये बदलू लागतो. बाटलीवरचं नाव तेच राहतं.