मंडळी, मी येत नाहीये

पुण्यातल्या एका ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सोमवारी मेसेज येतो, 'शनिवार-रविवार कोलाड, कुंडलिकेवर राफ्टिंग. कोण कोण येतंय?' खाली पोल असतो. चौदा जणांपैकी बारा जण तासाभरात 'हो' म्हणतात. तुमच्या धाकट्या बहिणीचं शनिवारी साताऱ्याला डोहाळजेवण आहे. जायचं नाही हे तुम्हाला तेव्हाच ठाऊक असतं, तरी तुम्ही लिहिता, 'बघतो, जमलं तर येतो.'

या 'बघतो'चा भार बेत आखणाऱ्यावर पडतो. गाडीचं भाडं 14,000 रुपये असेल, तर चौदा जणांत माणशी हजार होतात. शुक्रवारी रात्री एक जण गळाला की बाकीच्यांना आणखी 77 रुपये काढावे लागतात. ते कुणी मनाला लावून घेणार नाही. पण खोल्यांचे आणि राफ्टिंगचे पैसे आगाऊ भरलेले असतात आणि ते परत मागायला रिसॉर्टवाल्याला फोन त्यालाच करावा लागतो. म्हणून गाडी ठरण्याआधी, शक्यतो त्याच दिवशी, नकार कळवावा.

मेसेज एवढाच पुरे:

'कोलाडचा बेत झकास आहे! पण शनिवारी बहिणीचं डोहाळजेवण आहे, साताऱ्याला जातोय. त्यामुळे मी येत नाहीये. गाडी-खोलीत माझं नाव धरू नका. फोटो मात्र टाका, मंडळी!'

यात सगळं वजन 'येत नाहीये' या शब्दांवर आहे. 'जमेल असं वाटत नाही' लिहिलंत की लोक ते आग्रहाचं आमंत्रण समजतात. आपल्याकडे पहिला नकार भिडेचा मानतात, जेवणाच्या पंगतीत 'नको' म्हणणाऱ्यालाही वाढतात. मग 'अरे, रात्री उशिरा ये' सुरू होतं. दुसरं वाक्य नाव धरू नका म्हणण्याचं. ते आलं की संयोजक मोकळा होतो. पोलमध्येही 'नाही' निवडायला विसरू नका, कारण डोकी मोजताना तो पोलच बघतो.

कारण एकच आणि खरं द्यावं. 'तब्येत बरी नाही' म्हणून शनिवारी ओटीभरणाचे फोटो स्टेटसला टाकले, तर सोमवारी डब्याच्या वेळी तोंड लपवावं लागतं. घरातलं आजारपण किंवा वाद चारचौघांत सांगण्यासारखा नसेल, तर 'घरी थांबणं गरजेचं आहे' एवढंच लिहावं. पाच वेळा 'सॉरी' लिहिलं की लोकांना समजूत काढत बसावं लागतं. बारा जणांनी होकार दिल्यावर 'पुढच्या आठवड्यात ठेवा ना' असं तर सुचवूच नये.

तरीही कुणी आग्रह धरलाच, तर एकदाच उत्तर द्या: 'या वेळी नाही रे, घरचं कार्य आहे.' त्यानंतर ग्रुपवर त्या विषयावर काही लिहू नका. रविवारी रात्री राफ्टमधले फोटो येतील, तेव्हा मात्र मनापासून दाद द्या.