निरोपाच्या कार्डावरची शेवटची ओळ

महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत ३१ मे म्हणजे निरोपांचा दिवस. शाळेत नाव घालताना मास्तरांनी कितीतरी मुलांना सरसकट १ जून ही जन्मतारीख लावली, आणि १ तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. त्यामुळे एकाच दुपारी तीन-चार सत्कार, तेवढ्याच शाली, तेवढेच नारळ. आणि सगळ्या कार्डांच्या शेवटी एकच ओळ: ‘पुढील आयुष्य सुखसमृद्धीचे व आरोग्यदायी जावो.’

या ओळीत वाईट काही नाही. पण कार्डांची अदलाबदल झाली तर कुणाच्या लक्षातही येणार नाही, आणि हीच तिची परीक्षा. शेजारी बसलेल्या दुसऱ्या सत्कारमूर्तीलाही लागू पडणारी ओळ नेमकी कुणासाठीच लिहिलेली नसते.

समजा, आवक-जावक टेबलावरच्या मॅडम निवृत्त होताहेत. पहिला खर्डा शुभेच्छांचाच होतो. तो खोडला की हात विशेषणांकडे वळतो: ‘तुमच्यासारखी मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष व्यक्ती विरळाच.’ ही विशेषणंही चारही कार्डांवर चालतील. आता त्या रोज काय करायच्या, ते आठवायचं. अर्ज नोंदवताना त्या समासात पेन्सिलीने अर्जदाराचा फोन नंबर टिपून ठेवत. कुणी सांगितलं नव्हतं. मग शेवट असा होतो: ‘मॅडम, समासातल्या तुमच्या त्या पेन्सिलीच्या आकड्यांमुळे कितीतरी म्हाताऱ्या माणसांचा तालुक्याचा हेलपाटा वाचला. उद्यापासून ते नंबर मी लिहीन.’ इथे मॅडमना लावलेलं एकही विशेषण नाही. एक कृती आहे, तिचा कुणाला तरी झालेला उपयोग आहे, आणि लिहिणाऱ्याने स्वतःवर घेतलेलं एक काम आहे. ते काम खरंच करायचं असेल तरच लिहावं. ‘कधीही हाक मारा’ हे बहुतेकदा नुसतं लिहिण्यापुरतं असतं, आणि वाचणाऱ्याला ते कळतं.

एवढं लिहून झाल्यावर हात पुन्हा सवयीने ‘हार्दिक शुभेच्छा’ जोडू पाहतो. तिथे थांबावं, नाहीतर शेवटचा शब्द पुन्हा छापील मजकुराचाच ठरतो. शुभेच्छा द्यायच्याच असतील तर आधी, वरच्या ओळीत द्याव्यात.

जपायचं एवढंच की कार्ड घरची मंडळीही वाचतात, कधी समारंभात मोठ्यानेही वाचलं जातं. दुखणं, साहेबांशी झालेली खडाजंगी, डब्यावरून चालणारी थट्टा हे कितीही ओळखीचं असलं तरी तिथे नको.

आणि माणूस फारसा माहीतच नसेल तर? जवळीक रचू नये. शेजारच्या टेबलावर विचारावं, ‘यांची कोणती गोष्ट उद्यापासून जाणवेल?’ उत्तर मिळालं तर सांगणाऱ्याचं नाव घेऊन ते लिहावं. नाही मिळालं तर ‘नमस्कार’ लिहून खाली सही करावी.